काम मागू नका, केलेले दाखवा

आपल्या मैंदर्गीत मराठी, उर्दू आणि कन्नड अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. घरी संगणकावर दोन भाषांत टाइपिंग आणि पानांची मांडणी करणाऱ्या मुलामुलींना ही जमेचीच बाजू आहे. पण त्यांची जाहिरात बहुधा अशी असते : "सर्व डीटीपी कामे स्वस्तात. एकदा संधी द्या." ती वाचून येणारा पहिला प्रश्न विचारतो, "कमी किती करणार?" आपणच स्वस्ताईखेरीज दुसरे काही सांगितलेले नसते!

समजा, तुमच्या मुलीने एका शाळेचे ३२ पानांचे वार्षिक अंक तयार केले. तिने असे लिहावे :

"शाळेचा मागचा अंक जुन्या फॉन्टमध्ये होता. दुसऱ्या संगणकावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे दिसत. जुन्या इनपेज फाइलमधला उर्दू मजकूर दुसरीकडे चिकटवला की चिन्हांचा गोंधळ होई. मी सर्व मजकूर युनिकोडमध्ये घेतला, दोन्ही भाषांच्या शिक्षकांकडून दोनदा प्रूफ तपासून घेतले आणि १२ दिवसांत छपाईची पीडीएफ दिली. आता नावे, तारखा शाळा स्वतः बदलू शकते. मी शाळांची मराठी-उर्दू पुस्तिका घेते. पूर्ण मजकूर मिळाल्यापासून दोन आठवडे लागतात. लग्नपत्रिका घेत नाही."

यात अडचण, केलेले काम, पडलेला फरक आणि पुढे कोणते काम घेणार, एवढेच आहे. ज्या मुख्याध्यापकांची फाइल अशीच बिघडलेली आहे, त्यांना ती आपलीच गोष्ट वाटेल. शेवटच्या वाक्यामुळे नको ती विचारणाही टळेल.

फरक मात्र तपासता येईल असाच सांगावा. "अंकामुळे प्रवेश वाढले" असे लिहू नये. त्याला दहा कारणे असतात. छपाई प्रेसने केली असेल तर तसे लिहावे. सोबत त्याच पानाचा आधीचा आणि नंतरचा फोटो द्यावा. त्यासाठी शाळेची लेखी परवानगी घ्यावी आणि मुलांची नावे, पालकांचे फोन नंबर झाकावेत. ती दुसऱ्याची अमानत आहे.

अजून गिऱ्हाईकच नसेल तर एखादे जुने पत्रक नव्याने मांडावे, पण त्यावर "सरावाचा नमुना" असे स्पष्ट लिहावे.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस २४ तासांत जाते. म्हणून हा मजकूर फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर कायम ठेवावा आणि विचारणाऱ्याला त्याची लिंक पाठवावी.

असे लिहिल्यावर विचारणा कदाचित कमीच येईल. त्यातला पहिला प्रश्न पाहावा. "किती घेणार?" यापेक्षा "आमची ४० पाने आहेत, कधी द्याल?" असे लोक विचारू लागले, की योग्य माणसापर्यंत मजकूर पोहोचला असे समजावे. तरीही सगळे भावच विचारत असतील, तर आपण फरक नीट सांगितलेला नाही. तेवढा भाग पुन्हा लिहावा.