‘मान्य आहे’ – पण नेमके काय?

आमच्या भागातल्या एका शिष्यवृत्ती निधीचा मी सभासद आहे. जुन्या समितीचे जपून ठेवलेले ४७ ईमेल वाचून नव्या समितीसाठी एक पान तयार करायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले: “घरभेट घेऊन पहिला हप्ता द्यावा, हे सर्वांनी मान्य केले.” नवी समिती पालकांना तसे सांगूही लागली. मग जुन्या खजिनदारांचा फोन आला. “मी हे कधी मान्य केलं?”

चूक माझीच होती. सगळ्या ईमेलींचा विषय ‘अर्जाची शेवटची तारीख’ असाच राहिला होता. वाद मात्र नवव्या ईमेलपासून वेगळाच सुरू झाला होता: तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हातात नसताना पैसे द्यायचे का? अठ्ठाविसाव्या ईमेलमध्ये सूचना आली की दाखला हवाच, पण मुदत १५ दिवस वाढवावी. एकतिसाव्यात दुसरी आली: दोन सभासदांनी घरी जाऊन यावे, पहिला हप्ता द्यावा, दाखला दुसऱ्या हप्त्यापूर्वी घ्यावा. त्याच्या लगेच खाली खजिनदारांचे दोन शब्द होते, “मान्य आहे.”

मी वेळेच्या क्रमाने वाचत गेलो. माणसे मात्र त्या क्रमाने उत्तर देत नाहीत. जीमेलमध्ये त्या ईमेलचे Show original उघडले. तिथल्या In-Reply-To या ओळीत ज्या ईमेलला उत्तर दिले त्याचा ओळखक्रमांक असतो. तो अठ्ठाविसाव्या ईमेलच्या Message-ID शी जुळला. म्हणजे खजिनदारांनी फक्त मुदतवाढ मान्य केली होती. (कुणी नव्याने ईमेल लिहिला, तर ही ओळ नसते. मग फोन करून विचारावे लागते.)

पान पुन्हा लिहिले. खजिनदारांची बाजू आधी मी ‘कागदपत्रांचा आग्रह’ अशी दोन शब्दांत उडवली होती. त्यांचे म्हणणे असे होते की देणगीदाराने हिशेब मागितला तर घरभेटीचा पुरावा काय दाखवणार? दुसरी बाजू म्हणत होती की दाखला येईपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते, आणि त्यात रोजंदारीवाल्यांची मुले मागे पडतात. दोघांनाही आपापला परिच्छेद पाठवला. खजिनदारांनी एक शब्द बदलला, बाकी ठेवले.

निकाल शेवटच्या ईमेलमध्ये नव्हताच, तिथे फक्त आभार होते. तो चाळिसाव्यात सापडला: “अध्यक्षांच्या सांगण्यावरून पाच जणांना पहिला हप्ता दिला.” म्हणून आता पानावर असे आहे: त्या वर्षापुरता निर्णय अध्यक्षांचा, खजिनदारांचा विरोध कायम, पुढच्या वर्षांसाठी नियम ठरलेला नाही.

नव्या समितीने हा विषय येत्या बैठकीत घेतला आहे. दाखल्याची वाट पाहणारे तीन अर्ज सध्या टेबलावर आहेत.