होटगीहून एक पत्र

घर विकण्याची वेळ आली की बहुतेक वेळा भाडेकरूला बातमी शेवटी कळते, आणि तीही दलालाकडून. होटगीच्या एका वयोवृद्ध श्राविकेने तसे केले नाही. त्यांचे पत्र, त्यांच्या व भाडेकरूच्या संमतीने, नावे वगळून येथे देत आहोत.

आदरणीय गुरुजी व चि. सौ. ताई,

सप्रेम जय जिनेंद्र. तुमचा शरणार्थ पावला, असे समजते.

एकाच अंगणात राहत असूनही पत्र लिहिते आहे, कारण समोर बसले तर मला बोलवणार नाही. हे घर मला विकावे लागत आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी ते माझ्याकडून कळावे, एवढीच इच्छा.

कारण तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे. आपले धाब्याचे घर. दर उन्हाळ्यात पांढरी माती पसरून, चोपून घेतली तरच ते पावसाळा काढते. हे होते तोवर ते काम झाले. पुढे गुरुजी, तुम्हीच गडी लावून ते करवून घेतलेत. आता गडी मिळत नाहीत आणि मागल्या खोलीच्या तुळया वाकल्या आहेत. छत नव्याने घालण्याइतके पैसे माझ्याजवळ नाहीत. गुडघे जिना चढू देत नाहीत. मुलगा पुण्याला बोलावतो आहे आणि दिरांची मुले आपला वाटा मागत आहेत. त्यांचे मागणे न्याय्य आहे.

23 वर्षे तुम्ही येथे राहिलात. धाकटी मला ‘अव्वा’ म्हणते, ते रक्ताच्या नातवंडांनीही इतक्या गोडीने म्हटले नाही. म्हणूनच व्यवहार स्पष्ट लिहिते. जिथे माया असते, तिथे हिशेब तोंडी राहतो आणि पुढे तोच सलतो.

पहिली गोष्ट, घर लगेच विकले जाणार नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर अजून यांचेच नाव आहे. आधी सर्व वारसांची नोंद होईल, मग खरेदीखतावर सर्वांच्या सह्या लागतील. त्याला काही महिने जातील. धाकटीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तेव्हा मे महिना संपेपर्यंत तुम्हाला कोणी घर सोडायला सांगणार नाही. ही अट मी खरेदीदारापुढे ठेवीन, आणि खरेदीखतातही लिहवून घेईन.

दुसरी गोष्ट, घर घ्यायचे मनात असेल तर पहिला हक्क तुमचा. मकर संक्रांतीपर्यंत मी दुसऱ्या कोणाशी बोलणी करणार नाही. न जमले तरी संकोच नको.

तिसरी, तुमची अनामत 20,000 रुपये माझ्याकडे आहे. पावती कधी केली नव्हती. हे पत्रच ती पावती समजा आणि जपून ठेवा. तुम्ही घर सोडाल त्या दिवशी ती रक्कम मी तुमच्या हाती देईन. नव्या मालकाकडे राहणार असाल, तर ती त्यांच्याकडे सोपवल्याचे खरेदीखतात नमूद करीन.

चौथी, खरेदी झाल्याचे तुम्हाला माझ्याकडून लेखी कळेपर्यंत भाडे मलाच द्या. कोणी परका येऊन मागू लागला, तर देऊ नका.

चातुर्मास संपला, मुनिराजांचा विहार सुरू झाला. शास्त्रात परिग्रहाची गणना क्षेत्र आणि वास्तू यांपासूनच सुरू होते, हे प्रवचनात अनेकदा ऐकले होते. ‘वास्तू’ म्हणजे हे घर, हे आता कळते आहे. भिंती सोडायला मन तयार झाले आहे. तुमचा सहवास सोडायला अजून होत नाही.

रागावला असाल तर सांगा. उत्तम क्षमा.

तुमची,
आक्का

पत्राविषयी दोन शब्द. आक्कांनी जे लिहिले, त्यातील बरेचसे कायद्याशी जुळणारे आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 109 प्रमाणे घर विकले म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो. विक्रीची माहिती नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला दिलेले भाडे पुन्हा द्यावे लागत नाही. वेगळा करार नसेल, तर महिनेवारी भाड्याच्या घरासाठी कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस पुरते. आक्कांनी दिलेला अवधी कायद्याच्या गरजेहून कितीतरी अधिक आहे. ज्या भागात 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू आहे, तेथे मात्र केवळ विक्री हे घर रिकामे करून घेण्याचे कारण ठरत नाही.

अनामतीबाबत सर्वांत जास्त तंटे होतात. जुना मालक म्हणतो, नव्याकडे मागा. नवा म्हणतो, मला मिळालीच नाही. भाडेकरूजवळ कागद नसतो. आक्कांच्या पत्रातील ती एक ओळ हा तंटा आधीच मिटवते. आपल्याही घरात भाडेकरू असतील, तर निदान एवढी ओळ आजच लिहून द्यावी.