दोन तिकिटं आली, पण माणसं दोन नव्हती

मंडळी, आई-बाबा इकडे आले की आपण सहज म्हणतो, "स्टेशनवर मशीन आहे, तिकीट काढा नि जा." मीही तेच म्हटलं. शनिवारी आई आणि माझी आठ वर्षांची लेक ऑक्सफर्डला निघाल्या होत्या. इंग्लंडमधलं आमचं स्टेशन छोटं, तिकीटखिडकी बंद. मी मुद्दाम मागे उभी राहून गप्प बघत होते.

पहिली अडचण अक्षरांची. आई O दाबायची, उमटायचा L. तिची चूक नव्हती. स्पर्श ओळखणारी काच पुढे आणि चित्र थोडं आत असेल, तर बुटक्या माणसाचं बोट त्याला दिसणाऱ्या बटणाच्या जरा खालीच टेकतं. आणि O च्या खाली L असतो! फोनसाठी अँड्रॉइड साधारण ९ मिलिमीटरचं बटण सुचवतं. पण तिथे फोन आपल्या हातात असतो. इथे उभं राहून, खांद्यावर पर्स सांभाळत, हात लांब करून दाबायचंय. तरी ही अक्षरं बोटाच्या नखाएवढी.

तिसऱ्या प्रयत्नात ऑक्सफर्ड मिळालं. मग यादी: Off-Peak Day Return, Off-Peak Return, Anytime Day Return. आईने विचारलं, "अगं, मला आज जाऊन आज यायचंय, ते कुठे लिहिलंय?" बरोबर आहे तिचं. Day Return म्हणजे तेच, पण ते ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळतं. मशीनने तिकिटाचं नाव विचारण्याआधी "आजच परत येणार का?" एवढंच विचारायला हवं होतं.

खरी फसगत पुढे झाली. मशीन मुळातच एक मोठा माणूस धरून चालतं. मुलांचा आकडा कोपऱ्यात, शून्यावर, शेजारी इवलंसं अधिक चिन्ह. किती जण आहात, हे कुणी विचारलंच नाही. आईने कार्ड टेकवलं, दोन केशरी तिकिटं बाहेर आली. एक स्वतःला, एक नातीला. हिशोब जुळला!

पण ती दोन्ही तिकिटं आईचीच होती. एकावर OUT, दुसऱ्यावर RTN. जाण्याचं एक, येण्याचं एक. नातीने तिचं तिकीट फाटकाला दाखवलं आणि फाटक उघडलं नाही, म्हणून तरी कळलं. तिथल्या माणसाने हसून मुलीचं अर्ध्या दराचं तिकीट काढून दिलं. फाटक नसलेलं स्टेशन असतं तर गाडीत तपासनीसासमोर आई काय सांगणार होती? इंग्लंडमध्ये विनातिकीट मोठ्या माणसाला १०० पौंड अधिक एकेरी भाडं असा दंड होऊ शकतो, २१ दिवसांत भरला तर ५० पौंड अधिक भाडं.

कार्ड टेकवण्याआधीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत "१ मोठा, ० मुलं, जाऊन-येऊन" एवढं लिहिलं असतं, तर आईने तिथेच हात मागे घेतला असता. पुण्याच्या बँकेत तीस वर्षं कॅश मोजलेली बाई आहे ती.

तोवर आपल्याकडच्या आजी-आजोबांना OUT आणि RTN तेवढं आधी दाखवून ठेवा. पाच ते पंधरा वर्षांची नातवंडं बरोबर असतील तर तो शून्यही.

आई आता म्हणते, "पुढच्या वेळी खिडकी उघडी असेल तेव्हाच जाऊ."