गाथेत नसलेला अभंग

बोलपटाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत चित्रपटगृहाच्या दारात आणि मध्यंतरात गाण्यांची पुस्तिका विकली जाई. किंमत एक-दोन आणे, कागद हलका, शिलाई एखाद-दुसऱ्या टाचणीची. मुखपृष्ठावर चित्रपटाचे नाव, आत कलावंतांची नावे, मग कथेचा गोषवारा आणि त्यापुढे पदे, अशी तिची मांडणी असे. गोषवारा ऐन पेचाशी थांबे आणि पुढचे पडद्यावर पाहा असे सुचवी. टाचणी गंजली की पहिले पान सुटते; पहिले पान गेले की नाव जाते. हातात राहतात ती केवळ गाणी.

वर्सोव्यात स्थायिक झालेल्या, मूळच्या सांगलीकडील एका व्यापारी कुटुंबात अशीच एक चोपडी निघाली. आजींच्या पश्चात त्यांची पेटी उघडली, तेव्हा स्तोत्रांच्या आणि पूजापाठाच्या पुस्तकांत ती ठेवलेली होती. मुखपृष्ठ नाही, शेवटचे पान नाही, मधली पाने मात्र शाबूत. तुकोबांचे अभंग दिसले म्हणून घरच्यांनी ती भजनांची वही मानली आणि जीर्ण धर्मग्रंथांसोबत विसर्जनासाठी बाजूला काढली. धाकट्या सूनबाईंनी ती सहज चाळली आणि त्या एका पदाशी थांबल्या. बीजातून रोप, रोपातून वृक्ष आणि अनेकातून पुन्हा एकच तत्त्व, अशा आशयाचे ते पद सासूबाई रोज पहाटे म्हणत. तुकोबांचा अभंग म्हणूनच त्यांनी ते सुनेला शिकवले होते.

हे भजनाचे पुस्तक नव्हे, ही शंका मांडणीवरूनच यायला हवी होती. भजनांच्या पुस्तकात मंगलाचरण, काकडा, हरिपाठ, आरती असा क्रम असतो आणि अभंग पूर्ण छापलेला असतो. येथे पदांना नुसते अनुक्रमांक होते. काही अभंगांची दोन-तीनच चरणे होती, कारण पडद्यावर तेवढीच गायली जात. पदांच्या डोक्यावर गाणाऱ्या पात्राचे नाव होते. ही त्या काळची रीत फार उपयोगी आहे. पार्श्वगायकाचे नाव छापण्याची प्रथा रुळेपर्यंत गाणे पात्राचेच समजले जाई. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवरदेखील गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले गेले होते. वर्सोव्याच्या चोपडीत तुकाराम, जिजाई आणि सालोमालो ही नावे होती. भजनाच्या वहीत सालोमालोला गायला कोण बोलावील? दुसऱ्याची कवने आपल्या नावावर खपवणारा हा गृहस्थ. माल एकाचा आणि छाप दुसऱ्याची, हा प्रकार पेढीवरच्या मंडळींना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा चित्रपट तुकोबांवरचा, एवढे निश्चित झाले. पण कोणता? तुकोबांवर मूकपटाच्या काळापासून चित्रपट निघत आले आहेत. अगदी २०१२ मध्येही ‘तुकाराम’ हा मराठी चित्रपट आला. सालोमालोचा उल्लेख तुकोबांच्या अभंगांतच असल्याने ते पात्र कोणत्याही चित्रकर्त्याला उपलब्ध होते. मूळ अभंगांचीही तीच गत. ते कुणाच्या मालकीचे नाहीत, कोणत्याही चित्रपटात येऊ शकतात. मीरा, कबीर किंवा तुकाराम यांचे पद सापडले आणि त्यावरून चित्रपट ओळखला, असे जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ओळख पटते ती त्याच चित्रपटासाठी मुद्दाम लिहिलेल्या गीतावरून.

म्हणून प्रत्येक पदाची पहिली ओळ कागदावर उतरवून ती गाथेच्या अकारविल्हे सूचीत शोधणे, हे खरे काम. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, पण सूचीमुळे एकेका ओळीला दोन-तीन मिनिटे पुरतात. फक्त शुद्धलेखन जुने असते, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलतात. एका रूपात ओळ सापडली नाही तर दुसऱ्या रूपात पाहावी. शिवाय चित्रपटात अभंग मधल्या चरणापासूनही उचललेला असू शकतो. तेव्हा पहिली ओळ न मिळाल्यास ध्रुपदही तपासावे. एवढे करून जे पद कोणत्याही रूपात सापडत नाही, तेच आपल्या कामाचे. सूनबाईंनी ओळी जुळवल्या. बरीच पदे गाथेत मिळाली. सासूबाईंचे आवडते पद मात्र मिळाले नाही.

ते मिळणारही नव्हते. ते गीत शांताराम आठवले यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी लिहिले. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. डिसेंबर १९३६ मध्ये हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आठवल्यांनी तुकोबांची भाषा इतकी आत्मसात केली होती की भल्याभल्यांनी ते गीत तुकोबांचेच मानले आणि आजही अनेक घरांत ते तसेच म्हटले जाते. गाथेतील त्याची अनुपस्थिती हाच या चोपडीचा सर्वांत बळकट पुरावा ठरला.

पडताळा घेणे तरीही आवश्यक होते, कारण लोकप्रिय झालेले गीत पुढे भजनांच्या संग्रहांतही शिरते. सुदैवाने हा चित्रपट टिकून आहे. तो समोर लावून चोपडीतील पदे, ती गाणारी पात्रे आणि त्यांचा क्रम ताडून पाहिला. तुकोबांना मोहात पाडण्यासाठी सालोमालो ज्या नर्तकीला पाठवतो, तिचे गाणेही चोपडीत निघाले. भक्तिगीतांच्या संग्रहात त्याला जागा मिळण्याचे कारण नव्हते. पात्रे आणि पदे दोन्ही जुळली, तेव्हा कुठे शिक्का मारता आला.

चित्रपट हिंदी असता तर गाथेच्या जागी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ घ्यावा लागला असता. १९३१ ते १९८० या काळाचे त्याचे दशकवार खंड आहेत आणि आत चित्रपट वर्षानुसार लावलेले आहेत. त्यामुळे आधी दशकाचा अंदाज हवा. येथे व्यापाऱ्याचा डोळा उपयोगी पडतो. किंमत आण्यांत असेल तर छपाई साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरची, बहुधा १९६४ पर्यंतची, कारण त्या वर्षी ‘नये’ हा शब्द गळला.

पण ही तारीख छपाईची, चित्रपटाची नव्हे. गाजलेले चित्रपट पुनःपुन्हा प्रदर्शित होत आणि पुस्तिकाही पुन्हा छापल्या जात. वर्सोव्याच्या प्रतीवरील किंमत शेवटच्या पानासोबत गेली, म्हणून ती पहिल्या वर्षातील की नंतरची, हे केवळ त्या पानांवरून ठरवता येत नाही. सांगलीच्या घरी ती कोणत्या साली आली, हे आजींनाच ठाऊक होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, लॉ कॉलेज रस्त्यावर, अशा पुस्तिकांचा संग्रह आहे. तेथील पूर्ण प्रतीशी अक्षरांचे वळण, ओळींची तोड आणि पानांची मापे जुळवली, तर छपाई एकच की निराळी हे कळू शकेल. त्यासाठी सूनबाईंनी प्रत्येक पानाचे, मोजपट्टी शेजारी ठेवून, छायाचित्र घेतले आहे. गंजलेली टाचणी हलक्या हाताने काढली. चिकटपट्टी मात्र लावू दिली नाही, कारण तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून खातो. चोपडी आता कागदी पाकिटात आहे. पाकिटावर पेन्सिलीने लिहिले आहे: ‘संत तुकाराम, प्रभात, १९३६. छपाईचे वर्ष अनिश्चित.’ विसर्जनाच्या गाठोड्यातून ती निघाली, तशी आजींच्या नित्यपाठाच्या वहीत त्या पदाखाली शांताराम आठवले हे नावही लिहिले गेले.