‘का’ विचारू नका, कागद मागा!

माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. आपण हे विसरतो आणि माहिती अधिकारी त्याचा पुरेपूर फायदा घेतात. समजा, एक विद्यार्थी इंग्रजीत टिपणे काढून आणतो: दोन वर्षे स्कॉलरशिप नाही, उशीर का, जबाबदार कोण, ॲक्शन घ्या. आपण ती शब्दाला शब्द लावून मराठीत उतरवतो. वर ‘मेहरबान साहेब’, खाली ‘ही नम्र विनंती’. मग महिन्याभराने एका ओळीचे उत्तर येते: ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.’

चीड येते, पण या उत्तराला आधार आहे. कायद्याच्या कलम २(च) मध्ये माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेले अभिलेख, कागदपत्रे, आदेश, अहवाल असे साहित्य. ‘का’चे उत्तर देणे त्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले. म्हणून प्रत्येक प्रश्नामागचा कागद शोधायचा आणि तो मागायचा.

‘उशीर का’ याऐवजी लिहा: ‘माझ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अर्जाच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.’ उशिराचे कारण त्या टिपणीतच लिहिलेले असते. काहीच लिहिलेले नसेल, तर तोही पुरावाच.

‘जबाबदार कोण’ याऐवजी: ‘सदर अर्ज ज्या कर्मचाऱ्यांकडे होता त्यांचे पदनाम आणि अर्ज त्यांच्याकडे आल्याचा व पुढे पाठविल्याचा दिनांक दर्शविणाऱ्या अभिलेखाची प्रत.’ दोन तारखांमधले अंतर स्वतःच बोट दाखवते.

‘ॲक्शन घ्या’ हे वाक्य सरळ खोडा. माहिती अधिकारी कुणाला शिक्षा करू शकत नाही. आधी तक्रार दिली असेल तर ‘दि. … च्या तक्रारीवर केलेल्या कार्यवाहीच्या कागदपत्रांच्या प्रती’ मागा. इथे ‘कारवाई’ लिहिलेत तर घात होतो. कारवाई म्हणजे दंड-शिक्षा. ‘कोणावरही कारवाई केलेली नाही’ एवढे लिहून कार्यालय मोकळे होते. कार्यवाही म्हणजे त्या कागदावर झालेले सगळे काम.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा असतो. ‘कालावधी’चा रकाना ‘मागील दोन वर्षे’ असा भरू नका, ‘१ जून २०२३ ते ३१ मार्च २०२५’ असा भरा. २०१२ च्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत. म्हणून वसतिगृहाचे गाऱ्हाणे वेगळ्या अर्जात घाला. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडला तर तेही माफ.

आणि ती नम्र विनंती? कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचीही गरज नाही. मग गरिबीची कहाणी कशाला लिहायची? साहेबाला अडवणारी भाषा विनवणीची नसते. नस्ती, टिपणी, दिनांक, पदनाम: त्याच्याच कपाटातल्या वस्तूंची ही नेमकी नावे आहेत. ती लिहिली की ‘अर्थबोध होत नाही’ म्हणायला त्याला जागा उरत नाही.