‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

आपल्या ऑफिसात ‘डन’ हा शब्द किती स्वस्त झालाय, हे मला कळलं ते वेळापुरात, मामाच्या दुकानात. वेळापूर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं, अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या देवळाचं आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. चहूबाजूंनी ऊस. मामाचं दुकान पाईप, ठिबक आणि हार्डवेअरचं. माणसं चार: काउंटरवर एक पोरगा, गोडाऊनला तात्या आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगा, शिवाय टेम्पोवाला. आणि अर्थातच एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नाव ‘दुकान काम’. साहित्यिक हौस वगैरे काही नाही.

चार दिवस राहायला गेले होते. पहिल्याच सकाळी पावणेनऊला मामा चहाचा कप बाजूला ठेवून एकामागून एक मेसेज टाकत बसला. ‘अरे, एकाच मेसेजमध्ये लिस्ट टाक ना,’ मी शहाणपणा केला. मामा म्हणाला, ‘सात कामांची लिस्ट टाकली की खाली एक अंगठा येतो. तो अंगठा कुठल्या कामाचा, सांग बघू?’

मी गप्प. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मीही असेच कित्येक अंगठे उगवलेत. (मेसेजवर बोट ठेवून अंगठा द्यायची सोय २०२२ मध्ये आली आणि उत्तर टाईप करायचे कष्टही वाचले.)

मामाही आधी निळ्या टिकांवर खूश होता. ग्रुपमध्ये टिका निळ्या झाल्या म्हणजे सगळ्यांनी मेसेज उघडला. बोट दाबून ‘इन्फो’ पाहिलं तर कोणी वाचला, कोणी नाही, हेही दिसतं. पण वाचलं म्हणजे केलं नव्हे. आणि ‘झालं’ लिहिलं म्हणजे तरी केलं का? यावरूनच गेल्या उन्हाळ्यात मोठा घोळ झाला होता.

एका शेतकऱ्याला तीन इंची पंचवीस पाईप हवे होते. एक पाईप वीस फुटांचा, म्हणजे पाचशे फूट लाईन. मामानं ग्रुपवर टाकलं: ‘मळ्यावर पंचवीस पाईप पोचवा.’ सव्वाअकराला टेम्पोवाल्याचं उत्तर आलं, ‘झालं मालक.’ मामानं वहीत टिक मारली. संध्याकाळी शेतकऱ्याचा फोन. पाईप बांधावर पडलेत, पण जोडायचं सोल्युशन कुठाय? बेंड कुठाय? त्या रात्री त्याच्या भागात शेतीपंपाच्या लाईटची पाळी होती. सोल्युशनचा डबा मिळेपर्यंत अंधार पडला, लाईन जोडली गेली नाही आणि पाण्याची पाळी गेली. ऐन उन्हात उसाला पाणी चुकलं म्हणजे काय, हे वेळापुरात कुणाला सांगावं लागत नाही. ते गिऱ्हाईक पुढे दोन महिने दुकानाची पायरी चढलं नाही.

मामा टेम्पोवाल्यावर ग्रुपमध्येच, सगळ्यांसमोर भडकला. मग रात्री झोप येईना म्हणून स्वतःचा मेसेज पुन्हा वाचला. ‘पाईप पोचवा’ एवढंच होतं. सोल्युशन आणि बेंड बिलात होते, मेसेजमध्ये नव्हते. ‘त्यानं सांगितलं तेवढं केलं होतं गं. अर्धं काम मीच सांगितलं,’ मामा मला म्हणाला. ऑफिसात एखादा बॉस असं बोललेला मी अजून ऐकलेला नाही.

तेव्हापासून ‘झालं’ या शब्दाला ग्रुपवर बंदी आहे. गंमत नाही, खरंच. आपल्याकडे ‘झालंच म्हणून समजा’ म्हणजे अजून सुरुवातही नाही. त्यामुळे माल गाडीत चढला की ‘निघालं’, मळ्यावर उतरला की ‘पोचलं’ आणि चलनावर सही मिळाली की ‘सही’. चौथा शब्द ‘अडकलं’. उत्तर त्या त्या कामाच्या मेसेजवरच द्यायचं, म्हणजे मूळ काम वर दिसतं. आणि काम सांगताना बिलातल्या सगळ्या वस्तू आकड्यासकट: ‘पाईप पंचवीस, सोल्युशन डबे दोन, बेंड एक. चलनाचा फोटो.’

सगळ्यात अवघड गेला तो ‘अडकलं’. पहिला महिनाभर तो कुणीच लिहिला नाही. ग्रुपमध्ये बोलणी खायची तर अडकलंय म्हणून कोण सांगेल? गोडाऊनच्या पोराला एकदा असंच चारचौघांत झापलं, तर तो ग्रुपमधून लेफ्ट झाला आणि दोन दिवस कामावरही आला नाही. आता मामाचा नियम असा की रागवायचं तर फोनवर किंवा समोर, ग्रुपवर फक्त काम. टेम्पोवाल्याची जाहीर माफी मात्र मामानं ग्रुपवरच मागितली. तो मेसेज अजून पिन करून ठेवलाय का, असं विचारल्यावर मामा नुसता हसला.

फोटोंचंही एक प्रकरण आहे. सुरुवातीला मामा गोडाऊनचा फोटो मागायचा. एकदा पोरानं आदल्या दिवशीचाच फोटो चिकटवला. मामानं तो कसा ओळखला? फोटोत सिमेंटच्या पोत्यांची थप्पी पुरी होती आणि त्यातली दहा पोती सकाळी मामाच्याच समोर गेली होती. पण खरा तिढा पडला तो तात्यांशी. वीस वर्षं गोडाऊन सांभाळणारा माणूस, साधा फोन वापरणारा. ते म्हणाले, ‘मालक, इतकी वर्षं चट्टे लावले, कधी इचारलं न्हाई. आता माझ्या कामाचा फोटू?’ चावी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. मामाचे हातपायच गळाले.

वाट मात्र तात्यांकडेच सापडली. गोडाऊनच्या दारावर रोज संध्याकाळी खडूनं शिल्लक लिहायची त्यांची जुनी सवय होती. मामानं ठरवलं, चट्ट्याचा फोटो नको, दाराचा हवा. खडू तात्यांचा, फोटो पोराचा. खडूचा आकडा मोजल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि ‘गोडाऊन लावलं’ या शब्दांपेक्षा तो जास्त बोलतो.

मी असतानाच त्याचा प्रत्यय आला. सकाळी तीन इंची पाईप एकशे बारा होते. दिवसभरात दोन चलनं फाटली, पंचवीस आणि अठरा. राहायला हवेत एकोणसत्तर. सात वाजता दाराचा फोटो आला: सदुसष्ट. मामानं फोन न करता चपला घातल्या आणि गोडाऊन गाठलं. मीही मागोमाग. तात्यांनी शांतपणे मागच्या भिंतीला टेकवलेले दोन पाईप दाखवले. सॉकेटला तडा होता. ‘इकायचे न्हाईत म्हणून मोजलं न्हाई.’ तडा गेलेला पाईप मळ्यात गेला असता तर गळला असता आणि पुन्हा फोन आलाच असता. आता दारावर ‘फुटके’ असा वेगळा रकाना आहे.

सगळंच पकडता येतं असं नाही. मळ्यात रेंज नसते, मग चलनाचा फोटो टेम्पो रस्त्याला लागल्यावर येतो. शेतकरी घरी नसला तर सही त्याच्या शाळकरी पोराची असते. म्हणून मामा रोज रात्री बिलबुक आणि ग्रुप समोरासमोर धरतो आणि त्यातली दोनच कामं निवडून गिऱ्हाईकाला फोन करतो. कुठली दोन, ते कुणालाच माहीत नसतं. फोनवर तो ‘माल मिळाला का?’ विचारत नाही, ‘पाणी चालू झालं का?’ विचारतो.

निघायच्या दिवशी सकाळी ग्रुपवर नवा मेसेज होता: ‘भाचीला अकलूजच्या स्टँडवर सोडणे. पिशवी दोन, शेंगाचटणी डबा एक.’ टेम्पोवाल्यानं ‘निघालं’ टाकलं, मग ‘पोचलं’. सहीसाठी त्यानं चलनाचा कागद पुढे केला, तेव्हा लक्षात आलं की चटणीचा डबा काउंटरवरच राहिलाय. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मोबाईल काढला आणि टाईप केलं: ‘अडकलं.’