पार्श्वभूमी पुसताना : कॅनव्हातील दोन कुलुपे

अक्षय तृतीया जवळ आली की वर्षीतपाच्या पारण्याच्या पत्रिका घरोघरी तयार होऊ लागतात. पूर्वी तपस्वींचे छायाचित्र छापखान्यात दिले की काम संपत असे. आता घरातील एखादी सून किंवा नातू कॅनव्हा उघडून बसतो, मजकूर जुळवतो आणि शेवटी एकाच ठिकाणी अडतो. छायाचित्रातील भिंत, पंखा, बाजूची खुर्ची पुसून केवळ तपस्वींची आकृती पत्रिकेवर घ्यायची असते आणि त्यासाठीच्या बटणावर नेमका मुकुट दिसतो. कॅनव्हामध्ये मुकुटाचे हे चिन्ह म्हणजे सशुल्क `Pro` आवृत्तीची खूण.

विनामूल्य आवृत्तीत या कामाला एक नव्हे, दोन कुलुपे आहेत. पहिले कुलूप पार्श्वभूमी पुसण्याच्या क्रियेला आहे. छायाचित्र निवडून `Edit` दाबले की `BG Remover` दिसते. सशुल्क खात्यात ते काही क्षणांत आकृती वेगळी करते आणि चुकलेल्या जागा सुधारण्यासाठी `Erase` आणि `Restore` असे दोन कुंचले देते. दुसरे कुलूप तयार चित्र बाहेर काढण्याच्या टप्प्यावर आहे. `Share`, मग `Download` आणि तेथे `PNG` निवडल्यावर `Transparent background` असा एक चौकोन दिसतो. त्यावरही मुकुट असतो. विनामूल्य खात्यातून पीएनजी उतरवता येते, परंतु तिची रिकामी जागा पारदर्शक न राहता पांढरी होते.

ही दोन कुलुपे एकच समजल्याने बराच गोंधळ होतो. पत्रिका छापायची असेल, तर दुसऱ्या कुलुपाशी आपला काही संबंधच येत नाही. पत्रिका हे एक अखंड पान असते. त्याला स्वतःची पार्श्वभूमी असते आणि ते पीडीएफ म्हणून छापखान्यात जाते. पारदर्शकता लागते ती केवळ आत ठेवायच्या आकृतीला. ती आकृती अन्यत्र कापून, पारदर्शक पीएनजी म्हणून विनामूल्य कॅनव्हामध्ये चढवली, तर कॅनव्हा तिची पारदर्शकता जशीच्या तशी राखतो. म्हणजे पहिले कुलूप बाहेरून वळसा घालून ओलांडता येते. याउलट, कापलेली आकृतीच स्वतंत्रपणे हवी असेल, उदाहरणार्थ स्मृतिचिन्हावर छापण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या फलकावर ठेवण्यासाठी, तर ती कॅनव्हामध्ये न नेता मूळ कापलेली फाइलच पाठवावी. विनामूल्य कॅनव्हामधून फिरवून आणल्यास तिच्यामागे पांढरा चौकोन येणारच.

एका घरातील उदाहरण घेऊ. आजींचे वर्षीतप पूर्ण होत होते आणि पत्रिकेचे काम नातसुनेकडे होते. छायाचित्र सामायिकात बसलेल्या आजींचे होते : पांढरी साडी, मुखावर मुहपत्ती, हातात माळ, चेहरा किंचित वळलेला आणि मागे चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत. माणसाच्या डोळ्याला यात काहीच अवघड वाटत नाही. पार्श्वभूमी पुसणाऱ्या साधनाला मात्र यापेक्षा कठीण छायाचित्र क्वचितच मिळेल, कारण कडा ओळखताना रंगातील फरकाचा आधार फार मोठा असतो आणि येथे पांढऱ्यावर पांढरे होते.

छायाचित्र कौटुंबिक व्हॉट्सअॅप समूहातून घेतलेले होते. त्याची उंची १२८० बिंदूंची होती, परंतु त्यातील आजींची आकृती जेमतेम ७०० बिंदूंची. भिंत पुसल्यावर हेच ७०० बिंदू उरणार होते. पत्रिकेवर आकृती ३ इंच उंच हवी होती. म्हणजे दर इंचाला सुमारे २३३ बिंदू. चांगल्या छपाईसाठी ३०० धरण्याची रीत आहे. कॅनव्हाच्या पडद्यावर ही उणीव दिसत नाही, छापल्यावर चेहऱ्यावरील रेषा मऊ पडतात तेव्हा ती कळते. म्हणून तिने छायाचित्र काढणाऱ्या दिराकडून मूळ प्रत मागवली आणि ती `Document` म्हणून पाठवायला सांगितली, कारण साध्या पद्धतीने पाठवलेले चित्र व्हॉट्सअॅप आकुंचित करते. मूळ प्रतीत आकृती २२०० बिंदूंची निघाली. दर इंचाला सातशेहून अधिक बिंदू मिळाले आणि तो प्रश्न मिटला. पार्श्वभूमी काढून देणारी संकेतस्थळे वापरतानाही हाच हिशेब करावा. त्यातील अनेक ठिकाणी विनामूल्य मिळणारी प्रत लहान असते आणि मोठ्या प्रतीसाठी पैसे मागितले जातात. यांतील सर्वांत परिचित असे remove.bg हे संकेतस्थळ कॅनव्हानेच २०२१ साली विकत घेतले.

कापण्याचे काम आधी दिराच्या आयफोनवर करून पाहिले. iOS 16 आणि त्यापुढील प्रणालीत छायाचित्रातील व्यक्तीवर बोट दाबून धरले की कडेने प्रकाशाची रेघ फिरते आणि आकृती उचलून घेता येते. सोय उत्तम, परंतु सुधारणेचा कुंचला तेथे नाही. जे कापले गेले ते गेले. विंडोज ११ मधील पेंटमध्येही `Remove background` आहे आणि त्याचीही मर्यादा हीच. आयफोनने कापलेली आकृती पांढऱ्या पानावर निर्दोष वाटली. नातसुनेने ती कॅनव्हामध्ये चढवून पानाचा रंग तात्पुरता गडद तपकिरी केला, तेव्हा खरे चित्र समोर आले. डाव्या खांद्याचा पदर खाल्ला गेला होता, मुहपत्तीचा भिंतीकडील कोपरा नाहीसा झाला होता आणि बोटांतून खाली लोंबणाऱ्या माळेचे चार-पाच मणी दोऱ्यासह गायब होते. शिवाय कोपर आणि अंग यांमधील फटीत भिंतीचा एक तुकडा तसाच राहिला होता. गडद पानाची ही कसोटी प्रत्येकाने लावावी. पत्रिका हलक्या रंगाची असली तरी लावावी, कारण अपुरी मुहपत्ती आणि तुटलेली माळ पडद्यावर सुटली तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि तोवर पाचशे प्रती छापून आलेल्या असतात.

अशा छायाचित्राला जेथे हाताने सुधारणा करता येते तेच साधन हवे. बहुतेक घरांतील संगणकावर असलेले पॉवरपॉइंट या कामी येते. त्यात चित्र निवडून `Picture Format` मधील `Remove Background` दाबावे. जो भाग पुसला जाणार तो जांभळट दिसतो. `Mark Areas to Keep` घेऊन पदर, मुहपत्तीचा कोपरा आणि माळ यांवर लहान लहान रेघा ओढाव्यात. `Mark Areas to Remove` ने कोपराजवळील भिंतीचा तुकडा काढावा आणि शेवटी `Keep Changes`. पडदा मोठा करून काम केल्यास हे अर्ध्या तासात होते, घाईत केल्यास होत नाही. मग चित्रावर उजवी टिचकी देऊन `Save as Picture` ने पीएनजी साठवावी. साठवण्यापूर्वी चित्र स्लाइडवर मोठे ठेवावे आणि साठवल्यावर फाइलच्या `Properties` मध्ये तिची लांबी-रुंदी अवश्य पाहावी, कारण येथेही बिंदू घटण्याचा संभव असतो. नातसुनेच्या घरी ३ इंचांसाठी निदान ९०० बिंदू हवे होते, ते मिळाले.

ही फाइल संगणकावरून कॅनव्हामध्ये चढवताना आणखी एका ठिकाणी घोटाळा झाला. तिने ती आधी छापखान्याला दाखवण्यासाठी व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवली. उत्तर आले, "ताई, पीएनजी म्हणता, पण मागे काळा चौकोन आहे." व्हॉट्सअॅप छायाचित्राचे जेपीजी करते आणि जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही, रिकामी जागा काळ्या किंवा पांढऱ्या रंगाने भरली जाते. `Document` म्हणून पाठवल्यावर तीच फाइल व्यवस्थित पोहोचली. काही जण पारदर्शकता दाखवणाऱ्या राखाडी-पांढऱ्या चौकटींसह पडद्याचेच छायाचित्र घेतात. मग त्या चौकटी चित्राचा भाग बनतात आणि पत्रिकेवर छापूनही येतात.

केसांच्या कडेला भिंतीची फिकट झाक बहुधा उरतेच. केशरी किंवा मरून पानावर ती रेघेसारखी चमकते, मलईच्या रंगावर विरून जाते. म्हणून पांढऱ्या भिंतीसमोरील छायाचित्राला फिकट पान निवडणे शहाणपणाचे. विनामूल्य आवृत्तीची `PDF Print` फाइल पडद्याच्या रंगांचीच असते, छपाईच्या चार रंगांची निवड सशुल्क आहे. त्यामुळे तेजस्वी केशरी कागदावर थोडा मंद उतरतो, तेव्हा एक नमुना प्रत आधी मागवावी. आणि जेथे कडा कितीही सुधारून समाधान होत नाही, तेथे पार्श्वभूमी काढण्याचा हट्टच सोडावा. `Elements` मधील `Frames` मध्ये कमानीच्या व वर्तुळाच्या चौकटी विनामूल्य आहेत. छायाचित्र त्यात सोडले की भिंत बरीचशी झाकली जाते, माळ शाबूत राहते आणि कमान तर पारण्याच्या पत्रिकेला शोभूनच दिसते.

वर्षभरात चार-सहा पत्रिका, फलक करणाऱ्या मंडळाला मात्र सशुल्क आवृत्ती घेणे परवडू शकते. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी कॅनव्हाची स्वतंत्र विनामूल्य योजनाही आहे. तिचे निकष पाहून अर्ज करावा. एकाच पत्रिकेसाठी अनेक जण ३० दिवसांची चाचणी घेतात. त्यात गैर काही नाही, परंतु चाचणीसाठी कार्ड किंवा यूपीआयची संमती दिलेली असते आणि मुदत संपताच वर्गणी आपोआप वळती होते. केवळ अॅप काढून टाकल्याने ती संमती रद्द होत नाही; खात्यात जाऊन वर्गणी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवली पाहिजे, तेव्हा त्या दिवसांतील संदेश न वाचता पुसू नयेत. चाचणीच्या काळात कापलेल्या सर्व आकृती `Transparent background` चा चौकोन निवडून त्याच वेळी संगणकावर उतरवून ठेवाव्यात, कारण मुदत संपल्यावर तोच चौकोन पुन्हा मुकुटाखाली जातो.